तालमीतला जुना फोटो नीट करताना चेहरा, पाटी आणि फेट्याचा रंग जसाच्या तसा ठेवायला प्रॉम्प्ट कसा लिहायचा

प्रश्न: आजोबांचा तालमीतला जुना कलर ग्रुप फोटो आहे, मधे घडी पडलीय आणि बुरशीचे ठिपके आलेत. एआय एडिटरला दिला आणि लिहिलं, "फोटो क्लिअर आणि एचडी करा, चेहरे बदलू नका". फोटो चकाचक आला पण आजोबा आजोबा वाटत नाहीत, पुढच्या पाटीवरची अक्षरं बदलली, फेटे भडक झाले. नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

तुमच्या एका वाक्यात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातायत, सगळा घोळ तिथंच झालाय. "एचडी करा" म्हणजे जे फोटोत नाही ते बारीक काम नव्यानं काढा, आणि "चेहरे बदलू नका" म्हणजे नव्यानं काही काढू नका. एडिटरमागच्या एआय मॉडेलला दोन्ही एकदम जमत नाही, मग ते पहिलं करतंय, कारण चकाचक दिसणं हे त्याला नीट येतं, आणि दुसरं साधारण सांभाळल्यासारखं करतंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. हे एडिटर तुमच्या फोटोवर काम करत नाहीत, तुमचा फोटो बघून दुसरा फोटो काढतात. म्हणजे फोटोशॉपमध्ये आपण हीलिंग ब्रशनं एक ठिपका पुसला तर बाकीचे पिक्सेल जागचे हलत नाहीत, इथं तसं नाही. समजा पेंटरला तुम्ही फोटो दिला आणि म्हणालात की यावरची घडी तेवढी काढून द्या, तर तो नवीन कॅनव्हास घेऊन अख्खा फोटो पुन्हा रंगवणार आणि रंगवताना घडी तेवढी वगळणार. भिंत पण पुन्हा रंगवली, गदा पण, आजोबा पण. हात चांगला असेल तर फरक कळत नाही, पण रंगवलंय सगळंच.

त्यात तो पेंटर तुमचा फोटो लांबून बघतोय. बरीच मॉडेल आतमध्ये फोटो साधारण हजार पिक्सेलच्या आसपास आणतात आणि मग तो आणखी दाबून खणांच्या जाळीत बसवतात, स्टेबल डिफ्यूजन नावाच्या मॉडेलमध्ये आठ बाय आठ पिक्सेलचा एक खण व्हायचा. याचा हिशोब मी पुढं तुमच्यासारख्याच एका फोटोवर करून दाखवतो, म्हणजे आजोबा का बदलले ते कळेल.

गेल्या पावसाळ्यात इथं कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घरातनं माझ्याकडं असाच फोटो आला होता. आठ बाय सहा इंची कलर प्रिंट, दोन ओळींत अकरा पैलवान, मधल्याच्या खांद्यावर गदा, चौघांच्या डोक्यावर फेटे, आणि पुढं जमिनीवर खडूनं लिहिलेली पाटी, त्यावर तालमीचं नाव आणि खाली १९८१. फोटो कुणीतरी कधीतरी मधोमध घडी घालून वहीत ठेवलेला, ती घडी बरोबर मागच्या ओळीतल्या तिसऱ्या माणसाच्या गालावरनं आणि ओठाच्या कोपऱ्यावरनं गेलेली. वर आपल्याकडची पावसाळी हवा, त्यामुळं बुरशीचे पांढरे ठिपके. घरच्या पोरानं मोबाईलवरच्या कुठल्यातरी ॲपात आधी करून बघितलेला होता, ती फाईल पण त्यानं दाखवली. पहिल्या नजरेत फोटो देखणा होता. पण मागच्या ओळीतल्या सगळ्या पैलवानांचे कान नीट झाले होते!

हे ज्यांनी तालीम बघितलीय त्यांना लगेच कळेल. वर्षानुवर्षं कुस्ती केलेल्या माणसाचा कान मोडलेला असतो, सुजून घट्ट झालेला, पाकळ्या मिटलेल्या. ती त्याची कमाई असते. मॉडेलला तो कान म्हणजे खराब झालेला फोटो वाटला आणि त्यानं सगळ्यांना साधे, सरळ, पाकळ्यांचे कान लावून दिले. त्या पोराला फक्त "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढंच कळत होतं, त्याच्या आजीनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हे आमचं न्हवं, ह्यांचा कान असा कुठं होता."

आता हिशोब. आठ इंच रुंद प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केली की ४८०० पिक्सेल रुंद होते. त्यात एका माणसाचं तोंड साधारण अर्धा इंच, म्हणजे ३०० पिक्सेल. हा अख्खा फोटो मॉडेलला दिला की तो हजाराच्या आसपास आला, साधारण पावणेपाच पटीनं लहान, म्हणजे तोंड राहिलं ६४ पिक्सेलचं. आणि आठाचा एक खण धरला तर अख्ख्या तोंडाला आठ बाय आठ खण! तेवढ्यात डोळे, नाक, मिशी, मोडलेला कान सगळं बसवायचं. कान तर जेमतेम एक-दोन खणांत आला. तिथं मॉडेल काय सांभाळणार, त्याच्याकडं माहितीच उरली नाही, मग ते आजवर बघितलेल्या हजारो कानांवरनं एक कान काढतंय. प्रॉम्प्टमध्ये तुम्ही काहीही लिहा, आत पोचलीच नाही ती गोष्ट राखली जाणार नाही.

म्हणून प्रॉम्प्टच्या आधी क्रॉप. मी त्या स्कॅनमधनं १०२४ बाय १०२४ चे चौकोनी तुकडे काढले, आणि ते पण सगळ्या फोटोचे नाही, फक्त जिथं घडी किंवा ठिपके आहेत तिथलेच. आता तोंड पुन्हा ३०० पिक्सेलचं झालं, कानाला पन्नास-साठ पिक्सेल मिळाले. चौकोनी अशासाठी की मॉडेलला ठरावीक मापं आवडतात, वेगळं माप दिलं की ते कडा कापतंय किंवा किंचित ताणतंय आणि मग तो तुकडा मूळ जागी परत बसवताना जुळत नाही. एक सांगतो, चॅटवरनं फोटो म्हणून आलेली फाईल वापरू नका, ती वाटेत दाबली जाते, प्रिंट घेऊन स्कॅन करा किंवा फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता शब्द. घडीच्या तुकड्याला मी हे लिहिलं होतं:

```
Remove only the white vertical fold line and the small white spots.
Fill them to match the area right next to them.
Keep everything else exactly as in the input: faces, ears,
wrinkles, moles, skin tone, grain, blur, framing.
Do not sharpen, smooth, brighten or recolour anything.
```

इंग्रजीत का, तर बहुतेक मॉडेल इंग्रजी सूचना जास्त काटेकोर पाळतात असा माझा रोजचा अनुभव आहे. मराठीत पण चालतं, पण आपले शब्द मोघम पडतात, "फोटो साफ करा" म्हटलं की ठिपके काढायचे का कातडी गुळगुळीत करायची हे त्याला कळत नाही. मराठीत लिहायचं असेल तर "फक्त उभी पांढरी घडी आणि पांढरे ठिपके काढा, बाकी काहीही पुन्हा काढू नका" असं लिहा.

पहिली ओळ बघा. त्यात इच्छा नाही, नुकसान लिहिलंय. क्लिअर, एचडी, एन्हान्स, रिस्टोर, ब्युटिफुल हे सगळे इच्छेचे शब्द आहेत, आणि असल्या शब्दांसोबत मॉडेलनं शिकताना जे फोटो बघितलेत ते रिटच केलेले, गोरे केलेले, सुरकुत्या घालवलेले फोटो आहेत. तुम्ही "एन्हान्स" म्हणालात की तो सगळा साज आपोआप मागनं येतो. फ्लक्स कॉन्टेक्स्ट हे फोटो एडिट करणारं मॉडेल बनवणाऱ्या ब्लॅक फॉरेस्ट लॅब्सनं तर स्वतःच्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की "ट्रान्सफॉर्म" असला मोठा शब्द नुसता वापरला की मॉडेल सगळंच बदलायला घेतं, त्याऐवजी नेमकी कुठली गोष्ट बदलायची ते लिहा. म्हणून घडी कशी आहे ते लिहायचं: पांढरी आहे, उभी आहे. घडी आडवी असेल तर आडवी, डाग पिवळा असेल तर पिवळा, कुठल्या कोपऱ्यात आहे ते पण. फोटो न बघता दुसऱ्या माणसाला फोनवर सांगून त्यानं बरोबर तेवढीच घडी ओळखली पाहिजे, इतकं नेमकं.

तिसऱ्या वाक्यात मी चेहऱ्याचं वर्णन केलेलं नाही, हे मुद्दाम. लोक काय करतात, "मिशीवाला, रुंद कपाळाचा, गंभीर चेहऱ्याचा साठ वर्षांचा माणूस, तसाच ठेवा" असं लिहितात. तुम्ही वर्णन दिलं की मॉडेलला ती चित्र काढायची ऑर्डरच मिळाली, मग ते तुमच्या वर्णनातला रुंद कपाळाचा गंभीर माणूस काढतंय, फोटोतला नाही. चेहरा कसा आहे ते लिहायचं नाही. ज्या खुणा मॉडेल हमखास घालवतंय त्यांची फक्त नावं घ्यायची, म्हणजे कान, सुरकुत्या, तीळ, बायकांच्या फोटोत गोंदण, पुढचा पडलेला दात, डोळ्यातला किंचित तिरळेपणा. या सगळ्या गोष्टी मॉडेलला चूक वाटतात. घरच्यांना विचारून घ्या की या माणसाची ओळखायची खूण कुठली, आणि ती खूण नावानिशी लिहा, जसं मी `ears` लिहिलं.

आणखी एक बारीक गोष्ट. "चेहरा तोच ठेवा" याचा अर्थ मॉडेल "त्याच माणसासारखा दिसणारा चेहरा" असा घेतंय. परक्या माणसाला तो तोच वाटतो. घरच्याला वाटत नाही, कारण घरचा माणूस पापणी किती खाली पडते आणि ओठ कुठल्या बाजूला झुकतो त्यावरनं ओळखतो. म्हणून नुसतं "तोच" किंवा "सेम पर्सन" लिहू नका. "इनपुटमध्ये आहे तसंच" आणि "पुन्हा काढू नका" असं लिहा. आणि `grain, blur` हे दोन शब्द तर सोडूच नका. जुन्या प्रिंटला बारीक रवा असतोय, मागच्या ओळीतली माणसं थोडी धूसर असतात. ते घालवायची मुभा दिली की त्या धूसरपणाच्या जागी काहीतरी भरावं लागतंय, आणि ते मनानं भरलेलं असतं. धूसर असूनही आजोबा आजोबाच दिसतात, धारदार केले की दुसरेच कोणीतरी.

आता पाटी. देवनागरी अक्षरांबाबत बरीच मॉडेल अजून कच्ची आहेत. इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी सांभाळतात, पण जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या यांचं त्यांच्याकडं गिचमिड होतं, लांबनं मराठी वाटतं आणि जवळ गेलं की एक शब्द लागत नाही. अक्षर फुटलं तर निदान दिसतं तरी. आकड्यांचं तसं नाही, चुकीचा आकडा पण आकडाच दिसतो. त्या पोराच्या फाईलमध्ये पाटीवरचं १९८१ चं १९८९ झालेलं होतं, शेवटच्या १ च्या वरचा गोल खडूनं जरा मोठा काढलेला, मॉडेलनं त्याचा ९ केला. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी तालमीत कोण कधी होतं ते विचारायला लागल्यावर आजी म्हणाली की ८९ ला तर ह्यांनी कुस्ती सोडून सहा वर्षं झालेली. तशी फाईल फ्रेम करून भिंतीवर लागली असती तर पुढच्या पिढीनं तेच साल खरं धरलं असतं.

लोक सांगतात की अक्षरं टिकवायची तर मजकूर अवतरण चिन्हांत प्रॉम्प्टमध्ये टाका. नवीन मजकूर लिहून घ्यायचा असेल तर हे बरोबर आहे. पण आपल्याला नवीन लिहून नकोय. मजकूर दिला की मॉडेल तो स्वतःच्या वळणात नव्यानं लिहितंय, खडूचं अक्षर जाऊन छापील अक्षर येतंय. पाटीचा तुकडा द्यावाच लागला, म्हणजे पाटीच्या कडेवर बुरशी होती म्हणून, तर मी असं लिहितो:

```
Remove only the white spots on the wooden frame of the slate.
Leave all lettering as it is, even where blurred or unreadable.
Do not redraw, complete or correct any letter or digit.
```

`even where blurred or unreadable` ह्यावर सगळं उभं आहे. मॉडेलला अर्धवट अक्षर सहन होत नाही, ते पूर्ण करायला जातंय. न वाचता येणारं अक्षर न वाचता येणारंच राहू दे असं स्पष्ट सांगावं लागतं. तरीपण मी पाटीवरच्या अक्षरांच्या बाबतीत प्रॉम्प्टवर विश्वास ठेवत नाही, परत आलेल्या तुकड्यातनं फक्त चौकटीचा भाग घेतो, अक्षरं मूळ स्कॅनमधलीच ठेवतो. कसं ते खाली येतंय.

रंगाचं जरा वेगळं आहे, कारण इथं आधी तुम्हालाच ठरवायचंय की "रंग तसाच" म्हणजे कुठला. त्या काळातल्या कलर प्रिंटा बऱ्याचदा लालसर पडलेल्या असतात, कारण कागदातले तीन रंग सारख्या वेगानं उडत नाहीत, निळसर-हिरव्या बाजूचा आधी उडाला की उरलेला फोटो तांबूस दिसतो. आता मॉडेलला "ओरिजिनल रंग परत आणा" म्हणालात तर त्याला त्या दिवशी फेटा कुठल्या रंगाचा होता हे कुठनं कळणार? ते अंदाजानं छान दिसेल असा फेटा काढणार, आणि छान म्हणजे त्याच्या लेखी भडक. तुमचे फेटे भडक झाले ते याचमुळं. रंगाची तांबूस झाक काढायची असेल तर ती हातानं काढा, फोटोशॉपच्या कर्व्हजमध्ये, फोटोतलं खरंखुरं पांढरं काहीतरी धरून, आमच्या फोटोत एकाचं धोतर होतं. ते काम मॉडेलचं नाही. मॉडेलला फक्त एवढंच सांगायचं की ब्राईट करू नको, रंग बदलू नको. आणि "नॅचरल कलर ठेव" असं चुकून पण लिहू नका, नॅचरल हा शब्द ऐकला की ते व्हाईट बॅलन्स करायला घेतंय.

आलेला तुकडा बरोबर आहे का हे डोळ्यानं बघून ठरवू नका, डोळा चकाकीला भुलतो. फोटोशॉपमध्ये मूळ तुकडा खाली, आलेला तुकडा वरच्या लेयरवर, आणि वरच्याचा ब्लेंड मोड `Difference`. दोन्ही सारखे असतील तिथं काळं दिसणार. पूर्ण काळं कधीच येत नाही, सगळीकडं हलकी धुसर जाळी येते, ती चालते, कारण खणांत दाबून परत उघडल्यावर तेवढा फरक पडतोच. दिसायला कमी पडलं तर `Levels` नं उजेड वाढवा. आता काय शोधायचं, तर आकार. घडीची उभी रेघ आणि ठिपके उजळ दिसले पाहिजेत, तेच तर आपण काढलं. पण त्या अंधारात तुम्हाला डोळ्यांच्या कडा, ओठांची रेघ, कानाची पाकळी उमटलेली दिसली तर समजायचं की चेहरा पुन्हा काढलाय. सगळ्याच गोष्टींच्या कडा दुहेरी दिसत असतील तर तुकडा दोन-तीन पिक्सेल सरकलाय, तेव्हा दोन्ही लेयर निवडून `Auto-Align Layers` करा आणि मग परत बघा. आणि रंगासाठी आयड्रॉपरचं सॅम्पल ५ बाय ५ सरासरीवर ठेवून फेटा, गाल आणि भिंत असे तीन ठिकाणचे आरजीबी आकडे आधीचे आणि नंतरचे कागदावर लिहून घ्या. त्या पोराच्या फाईलमध्ये फेट्याचा लाल आकडा १८६ वरनं २२४ ला गेला होता आणि निळा ६० वरनं ३८ ला आला होता, म्हणजे भडकपणा नुसता वाटत नव्हता, तो आकड्यात दिसत होता. माझ्या तुकड्यात दोन-चारचा फरक होता, तो चालतो. दहाच्या पुढं गेलं की मी तुकडा टाकून देतो.

आता त्या तिसऱ्या पैलवानाच्या ओठाचा कोपरा. घडी साधारण एक मिलिमीटर रुंद होती, ६०० डीपीआयला म्हणजे २४ पिक्सेल. गालावर काही प्रश्न नव्हता, दोन्ही बाजूला कातडी, मधे पण कातडी. पण ओठाचा कोपरा त्या २४ पिक्सेलच्या आतच होता, म्हणजे फोटोतनं तो गेलेलाच. मी तोच तुकडा, तोच प्रॉम्प्ट चार वेळा चालवला. गाल चारही वेळा सारखाच आला. ओठाचा कोपरा मात्र एकात सरळ, दोनात किंचित वर, एकात खाली. ही खूण मला लई उपयोगी पडलीय, तुम्ही पण वापरा: जिथं चारही उत्तरं जुळतात तिथं आजूबाजूच्या पिक्सेलमध्ये पुरेशी माहिती आहे, आणि जिथं दर वेळी वेगळं येतं तिथं मॉडेल मनानं काढतंय. तिथं प्रॉम्प्ट आणखी घासून उपयोग नाही, माहितीच नाही तर शब्द काय करणार. मी घरच्यांना त्याच माणसाचा दुसरा फोटो मागितला, लग्नातला मिळाला, त्यात ओठाची ती बाजू किंचित खाली झुकलेली स्पष्ट दिसत होती, तेवढा कोपरा मग मी त्यावरनं क्लोन ब्रशनं हातानं काढला. दुसरा फोटो नसता मिळाला तर तिथं घडीची फिकट खूण ठेवली असती आणि तसं सांगून दिलं असतं.

माणसाचं तोंड मुळातच फार बारीक असेल तर हाच प्रकार अख्ख्या चेहऱ्याचा होतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी केलेल्या, बारीक चेहरा मोठा आणि स्पष्ट करणाऱ्या पल्स नावाच्या प्रोग्रॅमला कुणीतरी ओबामांचा पिक्सेल फुटलेला बारीक फोटो दिला, तर त्यातनं एक गोरा माणूस बाहेर आला, ते चित्र तेव्हा खूप फिरलं होतं. फुटलेल्या फोटोत ओबामा आपल्याला ओळखू येतात कारण आपण त्यांना ओळखतो. मशीनला तेवढ्या पिक्सेलात बसणारा कुठलाही चेहरा चालतो. नंतरची मॉडेल पुष्कळ सुधारलीत पण हे गणित तेच आहे. म्हणून स्कॅनमध्येच तोंड साधारण शंभर पिक्सेलच्या खाली असेल तर मी त्या चेहऱ्याला मॉडेलचा हातच लावू देत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे परत चिकटवणं. कितीही चांगला प्रॉम्प्ट लिहिला तरी तो विनंती असते, हमी नसते. काही एडिटरात मास्क लावायची सोय असते, पण तिथं पण बघून घ्या, काही मॉडेलांत मास्क ही नुसती दिशा दाखवणारी खूण असते, ओपनएआयच्या इमेज मॉडेलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की मास्कचा आकार अगदी तंतोतंत पाळला जाईलच असं नाही. मग हमी कशी आणायची, तर आलेला तुकडा मूळ स्कॅनवर लेयर म्हणून ठेवायचा, त्याला काळा मास्क लावायचा म्हणजे तो पूर्ण लपला, आणि मऊ पांढऱ्या ब्रशनं फक्त घडीच्या रेघेवरनं आणि ठिपक्यांवरनं फिरायचं. तेवढाच भाग नवीन दिसेल, बाकी कान, डोळे, फेटे, पाटीवरचा १ सगळं मूळ स्कॅनचेच पिक्सेल. मग तुकड्यात मॉडेलनं कान थोडा बदलला असला तरी तो तुमच्या फोटोत येतच नाही. ब्रश घडीपेक्षा चार-पाच पिक्सेलनंच मोठा ठेवा, जास्त मोठा घेतला की बाजूचा मूळ रवा झाकला जातो आणि एक गुळगुळीत पट्टा उभा दिसायला लागतो. पट्टा तरी दिसलाच तर त्या लेयरवर थोडा नॉइज टाका, मूळ प्रिंटच्या रव्याएवढा.

काहीजण सांगतील की आलेला लेयर `Luminosity` मोडवर ठेवा म्हणजे रंग खालचा राहतो. उजेडात बदल हवा असेल तिथं ही युक्ती चांगली आहे, पण घडीवर चालत नाही, कारण खाली पांढरी रेघ आहे आणि रंग तिचाच घेतला जातो, मग गालावर राखाडी पट्टा येतो. घडीला `Normal` आणि मास्कच बरा.

आणि एक, दुसरं नुकसान काढायचं असेल तर मॉडेलनं दिलेली फाईल परत मॉडेलला देऊ नका. प्रत्येक फेरीत सगळं पुन्हा काढलं जातं, कान पहिल्या फेरीत जरासा बदलतो, दुसरीत त्या बदललेल्यावरनं आणखी, चौथ्या फेरीला माणूस ओळखू येत नाही, आणि दर फेरीला फरक इतका थोडा असतो की कळत नाही. घडीचा प्रॉम्प्ट वेगळा, ठिपक्यांचा वेगळा चालतोय, पण दोन्ही वेळा मूळ स्कॅनमधलाच तुकडा द्यायचा आणि दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या लेयरवर ठेवायची.

तुमच्या फोटोला आता असं करा, ॲपनं दिलेली फाईल बाजूला ठेवा, प्रिंट ६०० डीपीआयला टिफमध्ये स्कॅन करून घ्या, राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडला कुठल्याही चांगल्या स्टुडिओत होईल, फक्त स्कॅनरचं ऑटो कलर आणि ऑटो शार्प बंद ठेवायला सांगा. मग घडी ज्या ज्या चेहऱ्यावरनं गेलीय तेवढे तुकडे काढून सुरुवात करा, आणि पाटीचा तुकडा तर देऊच नका, त्यावर घडी नसेल तर.